वेचणी संपली आणि काटा थांबला

*डॉक्टर बाई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय ४१, उंची १५२ सेंटिमीटर. दिवाळीत वजन ७१ किलो होतं. गुडघे दुखायचे म्हणून खाणं कमी केलं, गुढीपाडव्यापर्यंत ६३ वर आले. त्याला दोन महिने झाले. खाणं तेच आहे, पण काटा पुढे सरकला नाही, उलट ६४ झाला. सकाळी चहा, दुपारी एक भाकर आणि भाजी, रात्री एक भाकर आणि वरण, एवढंच जेवण. सोमवार-गुरुवार उपास. पाच वाजले की अशी भूक लागते की हात थरथरतात, डोक्यात खाण्याशिवाय काही येत नाही. माझी जाऊ माझ्याएवढंच खाते आणि काडीसारखी आहे. बचत गटातली एक जण म्हणते की चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मरतं, त्यासाठी २,८०० रुपयांचा पावडरीचा डबा मिळतो. घेऊ काय? माझं मेटाबॉलिझम बिघडलं काय? की माझ्यातच जिद्द कमी आहे?*

*एक वाचक, जि. यवतमाळ*

ताई, डबा घेऊ नका. तुमचं चयापचय बिघडलेलं नाही आणि तुमच्यात जिद्द कमी आहे असं तर मुळीच नाही. पाच महिन्यांत ८ किलो उतरवणं सोपं नसतं. काटा का थांबला याचं उत्तर तुमच्या पत्रातल्या दोन सणांच्या नावांत दडलं आहे. ते सांगते, पण आधी थोडा हिशेब करू.

मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय. त्यातला जो भाग डॉक्टर मोजतात त्याला बेसल मेटाबॉलिक रेट किंवा नुसतं बीएमआर म्हणतात. रात्रीच्या जेवणाला बारा तास झालेत, माणूस जागा आहे पण निवांत पडून आहे, त्याला थंडीही वाजत नाही आणि उकडतही नाही, अशा वेळी नुसतं जिवंत राहायला शरीर जी ऊर्जा खर्च करतं ती म्हणजे बीएमआर. हा खर्च कुठे होतो हे कळलं की बऱ्याच गैरसमजुती आपोआप दूर होतात. मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडं यांचं एकत्र वजन शरीराच्या पाच-सहा टक्केच असतं, पण पडून राहिलेल्या माणसाच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा तेच घेतात. एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी घेतो, तर एक किलो चरबी जेमतेम साडेचार. तुमचं जे वजन उतरलं त्यात बहुतेक चरबी होती आणि थोडे स्नायू. मेंदू, यकृत, हृदय जवळपास होतं तेवढंच आहे. मग बीएमआर एकदम कोसळेल कसा?

बीएमआर नीट मोजायचा तर श्वासातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लागतं. ते आपल्या तालुक्याला मिळणार नाही, पण अंदाजासाठी एक सूत्र आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेलं हे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र बाईसाठी असं आहे: किलोतल्या वजनाला १० ने गुणायचं, सेंटिमीटरमधल्या उंचीला सव्वासहाने गुणायचं, दोन्हींची बेरीज करायची, तीतून वयाची पाचपट वजा करायची आणि वर आणखी १६१ वजा करायचे. तुमचं वजन ७१ होतं तेव्हा ७१० अधिक ९५०, वजा २०५, वजा १६१, म्हणजे दिवसाला १,२९४ कॅलरी. वजन ६३ झाल्यावर १,२१४. फरक फक्त ८० कॅलरींचा. मुठीएवढ्या पिठाची, म्हणजे साधारण ६० ग्रॅम ज्वारीची एक भाकर २०० कॅलरीची धरली, तर हा फरक अर्ध्या भाकरीलाही पुरत नाही.

हे सूत्र अमेरिकेतल्या लोकांच्या मोजमापांवरून बांधलं आहे. एकेका माणसाचा खरा आकडा त्याहून दहा टक्के इकडेतिकडे असू शकतो आणि आपल्याकडे तो बहुधा थोडा कमीच निघतो. पण आपल्याला तुमच्या दोन आकड्यांतला फरक बघायचा आहे, आणि तो फारसा बदलत नाही.

आता त्या दोन सणांकडे येते. दिवाळी ते पाडवा म्हणजे आपल्याकडे कापसाच्या वेचणीपासून हरभऱ्याच्या सोंगणीपर्यंतचा काळ. पत्रात तुम्ही शेतकामाचा उल्लेख केलेला नाही. पण त्या भागातली बाई त्या पाच महिन्यांत घरी बसून असेल असं मला वाटत नाही. सकाळी डबा बांधून निघायचं, दिवसभर ओळीतून वाकत-उठत चालायचं, कमरेला बांधलेली ओटी जड होत जाते ती तशीच वाहायची, संध्याकाळी येऊन पुन्हा चुलीपुढे. असं काम करणाऱ्या बाईचा दिवसाचा एकूण खर्च बीएमआरच्या साधारण १.८ पट धरतात. त्या काळातलं तुमचं सरासरी वजन ६७ धरलं तर बीएमआर १,२५४ येतो आणि दिवसाचा खर्च २,२५० च्या आसपास.

पाडव्यानंतर उन्हाळा. शेतात काम नाही, दुपारी बाहेर पडवत नाही. खर्च बीएमआरच्या दीडपटीवर येतो. १,२१४ ची दीडपट १,८२०.

आता काट्याकडून उलटा हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. ८ किलो म्हणजे ६१,६००. त्याला १५० दिवसांनी भागलं तर रोज सुमारे ४०० कॅलरी कमी पडत होत्या. म्हणजे वेचणीच्या काळात २,२५० खर्च होत होत्या आणि तुम्ही १,८५० च्या आसपास खात होतात. उन्हाळ्यात खाणं तेच राहिलं, १,८५०. खर्च मात्र १,८२० वर आला. ज्या ताटानं हिवाळ्यात वजन उतरत होतं, तेच ताट उन्हाळ्यात वजन जागच्या जागी ठेवतं. तुमचं काही चुकलं नाही, हंगाम बदलला.

उरला तो वाढलेला एक किलो. त्याचंही कारण आहे. वजन उतरलं की शरीर हिशेबापेक्षा थोडं जास्तच काटकसरीनं वागायला लागतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये हे मोजून दाखवलं. दहा टक्के वजन उतरवून तिथेच टिकवलेल्या माणसांचा दिवसाचा खर्च त्यांच्या नव्या, लहान शरीराच्या मानानंही कमी निघाला. स्नायू तेच काम कमी इंधनात करतात, थायरॉइडचा जोर किंचित उतरतो, माणूस नकळत हालचाल कमी करतो. तुम्ही अकरा टक्के उतरवलं आहे. तेव्हा १,८२० मधून शंभर-सव्वाशे आणखी वजा धरले तर दिवसाला तेवढेच शिलकीत पडतात, आणि दोन महिन्यांत त्यांचा एक किलो होतो. शरीराची ही काटकसर खरी आहे, पण बघा ती केवढी आहे: अर्ध्या-पाऊण भाकरीएवढी. एवढ्यानं ‘मेटाबॉलिझम मेलं’ असं होत नाही.

चाळिशीचं म्हणाल तर बचत गटातल्या ताईंचं म्हणणं खूप लोक मानतात. मलाही शिकताना तसंच शिकवलं गेलं होतं. पण २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापं आली. आठवडाभराच्या बाळापासून नव्वदी ओलांडलेल्यांपर्यंत सगळे त्यात होते. शरीराचा आकार आणि त्यातली चरबी हिशेबात घेतली तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत खर्च जवळपास सपाट राहतो. बायकांमध्येही आणि पाळी जाण्याच्या वयातही. चाळिशीत जे बदलतं ते बहुतेक काम, झोप आणि ताट.

जावेबद्दल एक गोष्ट तुम्हाला उलटी वाटेल. ती काडीसारखी आहे, तर तिचा बीएमआर तुमच्यापेक्षा कमी असणार, कारण तिचं शरीर लहान आहे. ती तुमच्याएवढंच खाते असं वाटतं, कारण दोघी एका पंगतीला बसता तेव्हाचं खाणं दिसतं. पंगतीबाहेरचं दिसत नाही. शिवाय माणसामाणसांत एक खरा फरक असतो तो बारीकसारीक हालचालींचा. काही जणी एका जागी बसतच नाहीत, बोलतानाही उभ्या, काम नसलं तरी अंगणात फेऱ्या. जास्त खायला दिलं की अशा लोकांची हालचाल आपोआप वाढते आणि जादाचं खाणं तिच्यातच खर्च होतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. ते अंगभूत असतं. तिच्याशी तुलना करून तुम्हाला स्वतःबद्दल काहीच कळणार नाही.

तुम्ही लिहिलेल्या जेवणाचा आकडा मी मांडून बघितला. दोन भाकरी ४००, भाजी आणि वरण तेलाशिवाय २००, तीन कप साखरेचा चहा २००. होतात ८००. शरीर मात्र १,८५० चा हिशेब दाखवतंय. तुम्ही खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत अशाच काही लोकांचा अभ्यास झाला. आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही, असं ते मनापासून सांगत होते. त्यांच्या शरीराचा खर्च नेमका मोजला तेव्हा तो नेहमीसारखाच निघाला, आणि खाणं मात्र त्यांनी सांगितल्याच्या जवळपास दुप्पट. माणसाला ताट आठवतं, ताटाबाहेरचं आठवत नाही. घराघरात हे असंच असतं.

ताटाबाहेरचं पकडायची एक सोपी रीत सांगते. घरात महिन्याला तेल किती लागतं ते बघा. पाच माणसांत पाच लिटर लागत असेल तर माणशी महिन्याला एक लिटर. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि ग्रॅमला ९ कॅलरी. रोजचे होतात २७०. ताटात न दिसणारी ही एका भाकरीहून मोठी भाकर आहे. मग पोरांच्या ताटात उरलेलं, जे टाकवत नाही म्हणून उभ्या उभ्या तोंडात जातं. चटणी कुटताना तोंडात टाकलेले दाणे, चहाबरोबरचे टोस्ट. आणि उपासाचा साबुदाणा: दाण्याचं कूट आणि तेल घातलेली उसळीची भरली ताटली सहज ६०० कॅलरी देते. त्यात प्रथिनं येतात ती फक्त दाण्यांतून, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ. म्हणूनच उपासाच्या दिवशी संध्याकाळी भूक जास्त पेटते.

आता भुकेकडे वळते, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पाच वाजताच्या भुकेचं वाटलं.

खर्च अर्ध्या-पाऊण भाकरीनं कमी होतो, पण भूक त्याहून कितीतरी जास्त वाढते. शरीराला चरबी किती शिल्लक आहे हे कळत असतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा संप्रेरक रक्तात सोडतात, जेवढी चरबी तेवढा लेप्टिन. १९९४ मध्ये जेफ्री फ्रिडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला. घरातली कर्ती बाई जशी कोठीत जोंधळा किती उरला त्यावरून रोजचं दळण ठरवते, तसा मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस लेप्टिनवरून खाण्याचं आणि खर्चाचं ठरवतो. तुमची ८ किलोची शिल्लक गेली, लेप्टिन उतरला. गुडघे बरे व्हावेत म्हणून तुम्ही मुद्दाम शिल्लक कमी केली हे हायपोथॅलॅमसला कळायचा मार्गच नाही. त्याच्यासाठी तो दुष्काळ.

दुसरा संप्रेरक घ्रेलिन, तो जठरातून येतो. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तो ओळखला. जेवणाआधी तो चढतो, जेवण झालं की उतरतो. वजन उतरवलेल्या माणसात तो दिवसभर आधीपेक्षा वरच्या पातळीवर राहतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात लोकांनी दहा आठवडे अगदी कमी खाऊन वजन उतरवलं. वर्षभरानंतर पुन्हा तपासलं तेव्हाही भूक वाढवणारे संप्रेरक चढलेले आणि पोट भरल्याचं सांगणारे उतरलेलेच होते. महिन्या-दोन महिन्यांत शरीर नव्या वजनाला सरावेल अशी आशा ठेवू नका. ते सावकाश होतं, आणि पुरतं होतंच असंही नाही.

ही भूक किती वाढते, याचा अंदाज अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडला. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे खर्च दिवसाला वीस-तीस कॅलरींनी कमी होतो, पण खायची ओढ सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. त्यांच्या अभ्यासातल्या लोकांचं वजन तुमच्याएवढं उतरलं नव्हतं, त्यामुळे शंभराला आठने गुणून नेमका आकडा काढणं बरोबर होणार नाही. पण काही शे कॅलरींची ओढ तुमच्यावर रोज आहे हे नक्की. ती ओढ असताना तुम्ही दोन महिन्यांत एकच किलो वाढला आहात. जिद्द कमी असती तर चार-पाच वाढले असते.

डोक्यात सतत खाणं येणं हाही याचाच भाग आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते सगळे स्वतःहून तयार झालेले होते. काही आठवड्यांत त्यांचं बोलणं, स्वप्नं, सगळं खाण्याभोवती फिरू लागलं. पूर्वी स्वयंपाकात रस नसलेले पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची. पुन्हा पोटभर मिळू लागलं तेव्हा ते आधीच्या वजनाच्याही पुढे गेले. त्यांची उपासमार तुमच्यापेक्षा फार मोठी होती, पण दिशा तीच.

तेव्हा भुकेशी झुंज देत बसायचं नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला कसा जातो ते समजून तो लवकर आणि जोरात जाईल असं ताट वाढायचं. निरोप तीन टप्प्यांनी जातो. आधी जठर ताणलं जातं आणि व्हेगस नावाची नस ते मेंदूला कळवते. इथे कॅलरी मोजल्या जात नाहीत, जागा मोजली जाते. पाणी धरलेलं अन्न, म्हणजे पालेभाजी, वांग्याचं भरीत, घट्ट वरण, ताक, थोड्या कॅलरीत जागा भरतं. मग अन्न लहान आतड्यात उतरतं आणि त्यातली प्रथिनं आणि चरबी ओळखून आतडं सीसीके नावाचा संप्रेरक सोडतं, तो ‘आता पुरे’ म्हणतो. त्यानंतर आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय येतात, ते पुढचे काही तास भूक दाबून ठेवतात. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात. उभ्या उभ्या पाच मिनिटांत जेवणाऱ्या बाईला निरोप पोचेपर्यंत ताट संपलेलं असतं.

प्रथिनांचा यात सगळ्यात मोठा हात आहे, आणि तुमच्या जेवणात तीच सगळ्यात कमी आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला किमान ५२ ग्रॅम लागतात. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर मी ६० धरते. दोन भाकरींतून १२ मिळतात, वाटीभर पातळ वरणातून चार-पाच. चहातलं दूध धरलं तरी २५ च्या पुढे जात नाही.

म्हणून मी तुम्हाला दोन भाकरींऐवजी तीन सांगते. दचकू नका. सकाळी आठच्या आत एक भाकर आणि मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची मोठी वाटीभर उसळ. दुपारी एक भाकर, चमचा उभा राहील इतकं घट्ट तुरीचं वरण, आंबाडी किंवा जी मिळेल ती पालेभाजी, पेलाभर ताक. पाच वाजता, भूक यायची वाट न बघता, मूठभर फुटाणे किंवा उकडलेला हरभरा आणि एक चहा. रात्री आठच्या सुमारास एक भाकर, भरीत किंवा रस्साभाजी, आणि त्याबरोबर दोन अंडी. अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम कोरड्या सोयावडीचा रस्सा. आपल्या वावरातलं सोयाबीन सगळं बाजारात जातं, त्यातून बनलेली वडी मात्र कुठल्याही किराणा दुकानात मिळते आणि ३० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम प्रथिनं देते. हे सगळं मिळून १,५५० च्या आसपास होतं. तेल माणशी महिन्याला लिटरऐवजी पाऊण लिटरवर आणलं की एकूण १,७५० पर्यंत. तुमच्या आताच्या खाण्यापेक्षा हे शंभर कॅलरींनी कमी आहे, एक भाकर जास्त असूनही.

सकाळच्या जेवणाबद्दल थोडं जास्त सांगते. घ्रेलिन रोजच्या जेवणाच्या वेळा शिकतो आणि त्या वेळेच्या आधी चढतो. तुमची आजवर सकाळ चहावर गेली, त्यामुळे सुरुवातीला आठ वाजता भूक नसेल आणि पाच वाजता मात्र असेल. दोन आठवडे वेळ पाळा, म्हणजे फरक जाणवायला लागेल. उपास सोडा असं मी सांगणार नाही, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण त्या दिवशी साबुदाण्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, दही आणि एखादं फळ घ्या. चहाची साखर हळूहळू कमी करा, कारण पातळ पदार्थातल्या कॅलरींची दखल मेंदू फारशी घेत नाही. चहा प्यायला म्हणून पुढच्या ताटातलं कमी होत नाही.

या उन्हाळ्यात वजन उतरवायचा प्रयत्न मुळीच करू नका. ६३-६४ वर टिकवा, एवढंच काम. जूनमध्ये पेरणी, मग निंदण सुरू होईल आणि दिवाळीत वेचणी. खर्च पुन्हा २,१०० च्या पुढे जाईल. तेव्हा हेच ताट ठेवलं की रोज तीन-चारशे आपोआप कमी पडतील आणि महिन्याला किलोभर उतरेल. मजुरीच्या दिवशी याहून कमी खाऊ नका. त्यानं स्नायू जातात आणि संध्याकाळची भूक दुप्पट होऊन परत येते. तुमच्या उंचीला ५८ किलो पुरेसं आहे, गुडघ्यांना त्याचा फायदा जाणवेल. ५० चं स्वप्न बघू नका, ते टिकवता येणार नाही.

वजन रोज बघू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खायच्या आधी, एकाच काट्यावर. गावातल्या उपकेंद्राचा काटा चालेल. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं आणि एक-दीड किलो जास्त दिसतं, त्यावरून काही ठरवू नका. चार आठवड्यांचे आकडे एकाखाली एक लिहा आणि मग बघा.

त्या डब्याबद्दल. अशा पावडरींत बहुधा कॉफीतलं कॅफिन आणि हिरव्या चहाचा अर्क असतो. कॅफिननं खर्च काही टक्क्यांनी आणि काही तासच वाढतो, तेवढं तुमचा चहाही करतो. धडधड आणि झोपमोड मात्र होते. हिरव्या चहाच्या दाट अर्कानं यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. वजन उतरवणाऱ्या काही पावडरींत तर वेष्टनावर न लिहिलेली औषधं सापडली आहेत, भारतात बंदी असलेलं सिब्युट्रामिनसुद्धा.

शेवटी तपासण्या. तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच ही तपासणी करून घ्या. सिकलसेलची आधी झाली नसेल तर आपल्या भागात तीही करून घेतलेली बरी. थायरॉइड मंद असेल तर नुसतं वजन वाढत नाही, बद्धकोष्ठ होतो, कातडी कोरडी पडते, पाळीत जास्त जातं, चेहरा सुजतो. आणि त्यानं वाढणारं वजन बहुधा दोन ते पाच किलोच असतं, त्यातलंही बरंच पाणी. पाच वाजता हात थरथरतात त्याचं कारण बहुधा दुपारचं तुटपुंजं जेवण हेच आहे. तरी तुम्ही साखरेच्या गोळ्या घेत असाल, किंवा थरथरीबरोबर घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ताट बदलायची वाट न बघता त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आणि पुढे कधी न खटपट करता वजन उतरायला लागलं, तहान वाढली, तर आनंद न मानता लगेच साखर तपासा.